सही केलेलं ऑफर ऐन वेळी बदललं, तर पहिल्या दोन दिवसांत काय करायचं

प्रश्न: मॅडम, मी पुण्यात एका आयटी कंपनीत सहा वर्षं टेस्टिंगमध्ये आहे. नवीन कंपनीचं १८ लाखांचं ऑफर मी गेल्या महिन्यात स्वीकारलं आणि राजीनामा दिला. ३० तारीख माझा शेवटचा दिवस, १ तारखेला तिकडे जॉइनिंग. काल ११ तारखेला त्यांच्या एचआरचा फोन आला, की बजेट बदललंय, १७ लाखांचं नवीन लेटर पोर्टलवर टाकलंय, जॉइनिंग २० तारखेला होईल, उद्या संध्याकाळपर्यंत अ‍ॅक्सेप्ट करा नाहीतर ऑफर रद्द समजू. "फक्त एक लाखाचाच फरक आहे" असंही म्हणाली. मी चिडून एक लांबलचक मेल लिहून ठेवलाय, वकिलाची धमकीही आहे त्यात. पाठवू का? की गुपचूप सही करू?

उत्तर: दोन्ही नको. तो मेल ड्राफ्टमध्येच राहू द्या आणि पोर्टलवरचं ते बटण आज दाबू नका.

मी बावीस वर्षं एचआरमध्ये काढली, त्यातली बरीचशी भरतीत. तुम्हाला काल आला तसा फोन मी स्वतः केलेला आहे. २०२० च्या लॉकडाउनमध्ये एका आठवड्यात अकरा जणांना केला होता. त्यामुळे फोनच्या पलीकडे काय चाललेलं असतं ते सांगते, म्हणजे पुढचं का सांगतेय ते कळेल. वरून येणारी सूचना साधारण अशी असते: आधी फोनवर बोला, लेखी काही जाऊ देऊ नका, आणि नवीन लेटरवर सही लवकर घ्या. घाई का, तर त्या नवीन लेटरमध्ये तळाशी एक वाक्य असतं, की हे पत्र याआधीच्या सर्व पत्रांची आणि बोलण्यांची जागा घेते. तुम्ही ते स्वीकारलंत की जुनं १८ लाखांचं लेटर कागदोपत्री संपलं. मग कंपनीने शब्द फिरवला असं काही उरत नाही, दोघांच्या संमतीने अटी बदलल्या एवढंच उरतं. तुमची सही त्यांना हवी आहे आणि आज तुमच्या हातात असलेली एकमेव किमतीची गोष्ट तीच आहे. ती घाबरून देऊ नका, रागातही फेकू नका. "उद्या संध्याकाळपर्यंत" ही मुदत बहुतेक वेळा एचआरने स्वतःच्या सोयीने ठरवलेली असते. लेखी विचारलं की दोन-तीन दिवस सहसा मिळतात.

आधी कागद गोळा करा. जुनं ऑफर लेटर, तुम्ही स्वीकारल्यावर आलेला कन्फर्मेशनचा मेल, जॉइनिंगची तारीख कळवणारा मेल, रिक्रूटरशी झालेलं व्हॉट्सअ‍ॅप, हे सगळं डाउनलोड करून स्वतःच्या खासगी मेलवर ठेवा. पोर्टलवर नवीन लेटर चढलं की जुन्याची लिंक अनेकदा गायब होते. सध्याच्या कंपनीच्या लॅपटॉपवर यातलं काहीही उघडू नका.

मग आजच एक छोटा मेल पाठवा. त्यात होकार नाही, नकार नाही, आरोपही नाही. कालचा फोन कागदावर आणणं एवढंच त्याचं काम. मराठीत देते, तुम्ही तो इंग्रजीत पाठवालच:

"काल ११ तारखेच्या आपल्या फोनबद्दल आभार. मला समजलं ते असं: मी स्वीकारलेल्या ऑफरमधील वार्षिक रक्कम १८ लाखांवरून १७ लाख आणि जॉइनिंग १ तारखेवरून २० तारीख करण्याचा कंपनीचा प्रस्ताव आहे. यात काही चूक असल्यास कळवावं. आपल्या स्वीकृत ऑफरवर विसंबून मी राजीनामा दिला असून ३० तारीख माझा शेवटचा दिवस आहे. बदलाचं कारण आणि मूळ ऑफरची आजची स्थिती कृपया लेखी कळवावी. सुधारित पत्राचा नीट विचार करण्यासाठी मला १५ तारखेपर्यंत वेळ हवा आहे. तोपर्यंत मूळ पत्राची माझी स्वीकृती कायम आहे."

"विसंबून" हा शब्द आणि शेवटचं वाक्य काढू नका, बाकी हवं तसं बदला. हा मेल एचआरला पाठवा आणि ज्या मॅनेजरने तुमची मुलाखत घेतली त्यालाही सीसीमध्ये ठेवा. पुष्कळदा त्या मॅनेजरला बजेट कापल्याचं माहीत असतं, पण उमेदवाराला कोणत्या भाषेत काय सांगितलं गेलं याची कल्पना नसते. माणूस लागणार त्याला असतो, त्यामुळे आतून जोर लावणाराही तोच.

मेल गेला की नव्या कंपनीचा विचार थोडा बाजूला ठेवा आणि सध्याच्या मॅनेजरला भेटा. लोक नेमके इथे चुकतात. नव्यांशी वाद घालण्यात दहा दिवस जातात आणि तोवर इकडचं दार बंद होतं. तुमच्या जागी माणूस नक्की झाला की राजीनामा मागे घेण्याची गोष्टच संपते, आणि तो कधी नक्की होईल ते तुम्हाला कळत नाही.

भेटून लगेच राजीनामा मागे घेण्याचं बोलू नका. पहिल्यांदा एवढंच विचारा, "माझं तिकडचं जॉइनिंग पुढे गेलंय. शेवटचा दिवस दोन-तीन आठवड्यांनी वाढवता येईल का?" मॅनेजरला हे सोपं जातं. हँडओव्हरला माणूस हाताशी राहतो आणि वर फार काही समजवावं लागत नाही. राजीनामा मागे घेणं म्हणजे एचआर, बजेट, "ही पुन्हा सहा महिन्यांत जाणार का" अशी सगळी चर्चा. तारीख वाढली की तुमचा पगार चालू राहतो, मेडिक्लेम चालू राहतो आणि विचाराला वेळ मिळतो. मेडिक्लेमचं मुद्दाम लिहिलं. ग्रुप पॉलिसीचं संरक्षण साधारण शेवटच्या दिवशी संपतं आणि नव्या कंपनीचं जॉइनिंगला सुरू होतं. ३० ते २० च्या मधले ते दिवस आईवडील कोणत्याच पॉलिसीत नसतील. घरी कोणाचं मोतीबिंदूचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर ही गोष्ट एक लाखाहून मोठी आहे.

राजीनामा मागेच घ्यायचा ठरला, तर कायदा काय म्हणतो? राजीनामा पुढच्या तारखेपासून लागू होणार असेल, तर ती तारीख येण्याआधी तो मागे घेता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७८ पासून अनेकदा म्हटलंय. २०२४ मध्ये कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याच्या बाजूने निकाल लागला. राजीनामा स्वीकारल्याचं पत्र कंपनीच्या आतच फिरत होतं, त्याच्यापर्यंत पोहोचलंच नव्हतं. पण ही प्रकरणं प्रामुख्याने सरकारी किंवा सार्वजनिक नोकरीतली आहेत. खासगी कंपनीने "राजीनामा स्वीकारला" असा मेल तुम्हाला पाठवलेला असेल, आणि आयटीत तो सिस्टिममधून आपोआप येतोच, तर हा मुद्दा घेऊन भांडण्यात अर्थ नाही. तिथे मॅनेजरची मर्जी जास्त कामाची. खोटं मात्र बोलू नका. "ऑफरच्या अटी बदलल्या, त्यामुळे मला पुन्हा विचार करावा लागतोय" हे खरं आहे आणि यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आता त्या "फक्त एक लाखा"कडे येऊ. तुम्ही दोन्ही लेटरमधले आकडे दिलेले नाहीत, म्हणून मी अलीकडेच पाहिलेल्या, अशाच अडचणीत सापडलेल्या एका मुलीच्या लेटरचे घेते. तुमचे याच जागी घालून पाहा. मूळ ऑफर १८ लाख: त्यात फिक्स्ड १६ लाख २० हजार, व्हेरिएबल १ लाख ८० हजार. सुधारित १७ लाख: फिक्स्ड १३ लाख ६० हजार, व्हेरिएबल ३ लाख ४० हजार. वरचा आकडा एक लाखाने उतरला, पण दर महिन्याला नक्की मिळणारा भाग वर्षाला २ लाख ६० हजारांनी कमी झाला, म्हणजे महिन्याला साधारण २१ हजार ७००. गृहकर्जाचा हप्ता यातूनच जातो. व्हेरिएबल कधी मिळतं, किती टक्के मिळतं आणि वर्षाच्या मध्ये आलेल्या माणसाला मिळतं का, हे कंपनीच्या धोरणात लिहिलेलं असतं, लेटरमध्ये नसतं.

त्या मुलीचा तेव्हाचा पगार फिक्स्ड १२ लाख ३५ हजार होता. मूळ ऑफरमध्ये तिला फिक्स्डवर ३१ टक्के वाढ होती, सुधारितमध्ये १० टक्के उरली. रुपयांत वर्षाला सव्वा लाख. त्यातून मधल्या १९ दिवसांचा बुडणारा पगार वजा करा, तो तिच्या जुन्या दराने पासष्ट हजार होतो. पहिल्या वर्षी हाती उरले साठ हजार, तेही करकपातीच्या आधी. एवढ्यासाठी सहा वर्षांची ओळख, घराजवळचं ऑफिस आणि येणारी पगारवाढ सोडायची का, हा खरा प्रश्न तिच्यापुढे होता. फोनवर तो कोणी असा मांडला नव्हता.

रक्कम तपासताना लेटरची बाकीची पानंही जुन्याशेजारी ठेवून ओळीओळीने वाचा. पैशाच्या बदलाआड इतर बदल शिरतात. जुन्या लेटरमध्ये नोटिस पिरियड ३० दिवस होता तो ९० झालाय का? कामाचं ठिकाण "पुणे" होतं ते "भारतात कुठेही" झालंय का? ग्रॅच्युइटी आधी वेगळी होती, आता १७ लाखांतच मोजलीय का? पदनाम एक पायरी खाली आलंय का? या मुलीच्या बाबतीत नोटिस पिरियड खरोखर ९० झाला होता आणि एचआरलाही ते ठाऊक नव्हतं. नवीन साचा वापरल्यामुळे घडलं होतं. दाखवल्यावर एका दिवसात दुरुस्त झालं.

बदल कशामुळे झाला यावर पुढचं बोलणं ठरतं. क्लायंटचं प्रोजेक्ट आक्रसलं असेल, तर बजेट खरंच नसतं आणि मूळ आकड्यासाठी भांडून फारसं हाती लागत नाही. तिथे रचनेबद्दल बोला. एचआरने मंजुरीआधीच लेटर पाठवलं असेल, म्हणजे चूक त्यांची असेल, तर नमतं घेण्याची शक्यता सर्वांत जास्त, कारण ती चूक वर कळावी असं कोणाला वाटत नसतं. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये काही सापडलं म्हणत असतील तर नेमकं काय ते लेखी मागा. जुन्या कंपनीच्या तारखांत दोन महिन्यांची तफावत किंवा पीएफच्या नोंदीतला घोळ, असंच काही बहुधा निघतं आणि एका रिलिव्हिंग लेटरने मिटतं.

रचनेबद्दल बोलायचं म्हणजे काय मागायचं? मी तिला तीनच गोष्टी मागायला सांगितल्या. पहिल्या वर्षाचं व्हेरिएबल पूर्ण आणि हमीने, तसं लेटरमध्ये लिहून. फिक्स्ड सहा महिन्यांनी मूळ आकड्यावर आणण्याची अट, तारखेसह. आणि जॉइनिंग १ तारखेला, नाहीतर मधल्या दिवसांची भरपाई म्हणून एकरकमी जॉइनिंग बोनस. "सहा महिन्यांनी बघू" हे फोनवरचं वाक्य मी स्वतः अनेकांना ऐकवलंय. लेटरमध्ये नसेल तर सहा महिन्यांनी ते बघणारं कोणी नसतं, सांगणारी एचआर तोवर दुसऱ्या कंपनीत गेलेली असते. जॉइनिंग बोनस देत असतील तर परतफेडीची अट वाचा. वर्षाच्या आत सोडलं तर पूर्ण रक्कम परत, अशी ती बहुधा असते. जिथे सुरुवातच अशी झाली, तिथे स्वतःला वर्षभर बांधून घ्यायचं का, हे तुम्ही ठरवा. तिला पहिली आणि तिसरी गोष्ट मिळाली, दुसरी नाही. तिने नोकरी घेतली. तिच्या जागी मी असते तर बहुधा घेतली नसती, पण तिची जुनी कंपनी तारीख वाढवायला तयार नव्हती, हेही खरं.

सही न करता वाटाघाट केली आणि त्यांनी ऑफर मागेच घेतलं, तर? ही भीती खोटी नाही. कधीकधी होतं तसं, आणि म्हणूनच जुन्या मॅनेजरला आधी भेटायचं. तसं झालं तर लेखी पत्र मागा. त्यात ऑफर कंपनीने मागे घेतल्याचं, कोणत्या तारखेला, आणि कारण तुमच्या पात्रतेशी किंवा तपासणीशी संबंधित नसल्याचं असावं. कंपन्या हे पत्र द्यायला कुरकुरतात. तुम्हीच दोन ओळींचा मसुदा पाठवलात तर काम लवकर होतं.

वकिलाच्या धमकीबद्दल आता. स्वीकारलेलं ऑफर हा भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे करार होऊ शकतो. पण आपल्या ऑफर लेटरमध्ये "पडताळणीच्या अधीन", "कंपनी कधीही मागे घेऊ शकते" अशी वाक्यं पेरलेली असतात, आणि खरं नेमणूकपत्र जॉइनिंगच्या दिवशी मिळतं. दुसरं म्हणजे खासगी कंपनीला "हिला कामावर घ्याच" असा आदेश न्यायालय सहसा देत नाही. मिळाली तर नुकसानभरपाई मिळते. ती या कायद्याच्या कलम ७३ खाली, प्रत्यक्ष आणि सरळ झालेल्या नुकसानीपुरती. नोकरी नोटिस देऊन संपवता येणारी असते, त्यामुळे हिशोब बहुतेक नोटिस पिरियडच्या पगाराभोवती फिरतो. वर्षभराचा १८ लाख पगार मागाल तर तो मिळेल असं समजू नका. नुकसान कमी करण्यासाठी तुम्ही काय धडपड केलीत हेही पाहिलं जातं, म्हणून पुढचे अर्ज आणि मुलाखतींचे मेल जपून ठेवा. दावा करायला तीन वर्षांची मुदत असते, त्यामुळे आज रात्रीच नोटिस पाठवण्याची घाई नाही. कामगार आयुक्तांकडे जा असा सल्ला कोणीतरी देईल. जॉइन झालेलेच नसताना तिथे पाय रोवायला जागा कमी असते. आयटीवाल्यांची पुण्यातली नाइट्स ही संघटना असे विषय उचलते, पण एकदम शेकडो फ्रेशर अडकतात तेव्हा तिने सरकारला लिहिलेल्या पत्रांना वजन येतं. अनुभवी माणसाचं एकट्याचं प्रकरण त्यात तितकंसं बसत नाही.

म्हणून धमकीऐवजी हिशोब पाठवा. नोटिस लवकर संपवण्यासाठी तुम्ही स्वतः बायआउट भरलं असेल त्याची पावती, घर बदलण्यासाठी दिलेलं डिपॉझिट बुडालं असेल तर त्याची, राजीनाम्यामुळे हुकलेला बोनस असेल तर ते पत्र, आणि त्यांच्याच लेटरमधल्या नोटिस पिरियडएवढा पगार. बेरीज एका ओळीत, सोबत कागद. "या खर्चाची भरपाई करावी, तसंच समूहातील दुसऱ्या जागेसाठी माझा विचार व्हावा" असं लिहा आणि दहा दिवसांची तारीख द्या. २०२० मध्ये आमच्या त्या अकरा जणांपैकी दोघांनी असे मेल पाठवले. दोघांना एकेक महिन्याचा पगार मिळाला, कारण पावत्या जोडलेल्या मागणीवर "नाही" लिहायला कायदा विभागाची सही लागली असती आणि एक महिन्याचा पगार माझ्या वरिष्ठांच्या अधिकारात बसत होता. एकाने चार पानी शिव्याशाप पाठवले. ते थेट कायदा विभागाकडे गेले आणि त्यानंतर त्याच्याशी बोलायची आम्हालाच बंदी झाली. रक्कम मोठी असेल आणि दहा दिवसांत काहीच उत्तर आलं नाही, तर मग वकिलामार्फत नोटिस पाठवा. तोपर्यंत कंपनीचं नाव घेऊन लिंक्डइनवर लिहू नका. भरती करणाऱ्यांचं वर्तुळ पुण्यात लहान आहे, हिंजवडीतला आज खराडीत असतो.

आणि एक फोन बाकी राहतो. हे ऑफर घेताना तुम्ही बहुधा आणखी कोणाला तरी नाही म्हटलं असेल. त्या रिक्रूटरला आजच फोन करा, १५ तारखेची वाट पाहू नका. महिन्याभरात जागा भरलेलीच असते असं नाही, निवडलेला माणूसही कधीकधी शेवटच्या क्षणी येत नाही. रडगाणं नको, इतकंच म्हणा: "मी स्वीकारलेल्या ऑफरच्या अटी कंपनीने बदलल्या आहेत. मी ३० तारखेनंतर मोकळी आहे. ती जागा अजून उघडी आहे का?" ३० नंतर लगेच येऊ शकणारा टेस्टर, तोही ९० दिवसांच्या नोटिसांच्या या बाजारात, हे ऐकून समोरचा बहुतेक वेळा तुमचं प्रोफाइल पुन्हा उघडतो.